११२ जणांचं आरक्षण : नववीची कोल्हापूर सहल, जानेवारी २००४

स्मरणिकेसाठी काय लिहू, असं मी सहलीच्या बाईंना विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून एक दोनशे पानी वही काढून हातात दिली. वर शाळेचा शिक्का आणि शाईने लिहिलेलं 'इ. ९ वी सहल, कोल्हापूर, २००३-०४'. आत नावं, हप्ते, बर्थचे आकडे, खोडाखोड. पन्हाळ्यावर काढलेले फोटो आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आहेत. पण ती सहल निघण्याआधी अडीच महिने काय चाललं होतं, ते आपल्याला तेव्हा कळलं नव्हतं. ते या वहीत आहे. म्हणून हा लेख पन्हाळ्याबद्दल कमी आणि तिकिटांबद्दल जास्त आहे.

आधी तारखा. ८ जानेवारी २००४, गुरुवार, रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचं. शुक्रवार-शनिवार कोल्हापूर. शनिवारी रात्री तीच गाडी धरून रविवारी सकाळी घरी. चारही तुकड्या मिळून १०४ विद्यार्थी आणि ८ शिक्षक, एकूण ११२.

आरक्षण साधारण दोन महिने आधी करायचं, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. आणि त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीला होती, म्हणजे नेमक्या त्या वेळी शाळेला सुट्टी. त्यामुळे यादी सुट्टीआधीच पक्की करणं भाग होतं. पण आपल्या डोंबिवलीत बहुतेक घरांत मोकळा पैसा यायचा तो दिवाळीच्या बोनसने, आणि बोनस यायचा अगदी सणाच्या तोंडावर. यादी पैशाच्या आधी हवी, पण पैशाशिवाय नाव कसं घ्यायचं? बाईंनी फी दोन हप्त्यांत केली. पहिला हप्ता लहान, फक्त गाडीभाड्यापुरता, सुट्टीआधी. दुसरा डिसेंबरमध्ये. ज्यांना पहिलाही जमत नव्हता, त्यांच्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी केली आणि वर लिहिलं 'राखीव'. तिच्यात नऊ नावं आहेत. चौथं माझं.

आता रेल्वेचा भाग. खिडकीवरच्या आरक्षणाच्या अर्जात सहाच प्रवाशांची नावं बसतात. २००२ साली इंटरनेटवर तिकिटं मिळायला लागली होती, पण तिथेही एका तिकिटावर सहाच. त्याहून मोठा गट असेल तर आधी रेल्वेची लेखी परवानगी घ्यावी लागते. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांचं पत्र, प्रवासाचं कारण, गाडी, तारीख, आणि प्रत्येकाचं नाव, वय, मुलगा की मुलगी, अशी पूर्ण यादी. बाईंनी ही यादी दोनदा नव्याने लिहिलेली दिसते. शाळेच्या पटावरचं नाव आणि घरचं नाव यात फरक होता, आणि संगणकात नावाला अक्षरं मोजकीच. फलाटावर डब्याला चिकटवलेल्या चार्टमध्ये आपली अर्धवट तुटलेली आडनावं वाचून आपण किती हसलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल.

विद्यार्थ्यांना शैक्षणिक सहलीसाठी स्लीपरच्या मूळ भाड्यात निम्मी सवलत मिळते. पण ती नुसत्या पत्रावर मिळत नाही. रेल्वेचा ठरावीक नमुना असतो, तो मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी तिकीट काढतानाच द्यावा लागतो. तिकीट निघाल्यावर सवलत मागून उपयोग नसतो. या एका कागदामुळे आपल्या सहलीची फी किती खाली आली असेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

परवानगी मिळाली तरी तिकिटं सहा-सहा नावांचीच निघाली. जाण्याची १९ आणि येण्याची १९. ११२ बर्थ एका डब्यात मिळणं शक्यच नव्हतं, कारण स्लीपरच्या डब्यात बर्थच ७२. एका डब्यात ६४ मिळाले, दुसऱ्यात ४८. एका कंपार्टमेंटमध्ये समोरासमोरचे सहा आणि बाजूचे दोन मिळून आठ बर्थ, म्हणजे पहिल्या डब्यात आठ कंपार्टमेंट, दुसऱ्यात सहा. पहिल्यात ५९ मुलगे आणि ५ शिक्षक, दुसऱ्यात ४५ मुली आणि ३ बाई. वहीत दोन्ही डब्यांचे चौकटी आखलेले नकाशे आहेत. शिक्षकांची नावं लाल शाईत, आणि ती सगळी बाजूच्या खालच्या बर्थवर. तिथून येणाजाणारा प्रत्येक जण दिसतो. आपल्याला वाटायचं, सरांना तीच जागा कशी मिळाली!

तिकिटं कपाटात गेली, आणि खरं काम मग सुरू झालं. अडीच महिन्यांत ११२ माणसं तीच राहत नाहीत. कुणाचा हात मोडतो, कुणाच्या मावशीचं लग्न ठरतं, कुणाच्या बाबांची बदली होते. रेल्वेचं आरक्षित तिकीट दुसऱ्याला देता येत नाही, हा कायदाच आहे : १९८९ च्या रेल्वे अधिनियमातलं कलम ५३. पण त्याला थोडे अपवाद ठेवलेले आहेत. त्यातला एक आपल्यासाठीच म्हणावा असा. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी जात असतील, तर संस्थेच्या प्रमुखाने गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी लेखी विनंती केल्यास एका विद्यार्थ्याच्या जागी त्याच संस्थेचा दुसरा विद्यार्थी घेता येतो.

ही सोय ऐकायला सोपी आहे. पण तिला दोन अटी आहेत, आणि बाईंची सगळी कसरत त्या दोन अटींमधली. पहिली, गटाच्या एकूण संख्येच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नावं बदलता येत नाहीत. ११२ चे दहा टक्के म्हणजे ११. दुसरी, ही विनंती एकदाच मान्य होते. आज दोन नावं, परवा तीन, असं चालत नाही.

या दुसऱ्या अटीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पहिला मुलगा गळाला की लगेच धावत जाऊन त्याच्या जागी दुसरा घालायचा, हा साधा विचार इथे महागात पडतो. डिसेंबरमध्ये बदल करून टाकला, तर जानेवारीत गळणाऱ्यांच्या जागा रिकाम्याच जाणार. म्हणून शेवटपर्यंत थांबायचं, सगळी गळती एकत्र साठवायची आणि ४८ तासांची सीमा ओलांडायच्या आत एकदाच अर्ज द्यायचा. पण फार उशीर केला आणि अधिकारी जागेवर नसले, तर सगळेच बदल गेले. गाडी गुरुवारी रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे मुदत मंगळवारी रात्री साडेआठपर्यंत. पण सही देणारं कार्यालय काही तोपर्यंत उघडं नसतं. वहीत ६ जानेवारी, मंगळवार, या तारखेसमोर लिहिलंय : 'सकाळी ९.०५ ची लोकल. नक्की.' खाली दोन रेघा.

त्या दिवसापर्यंत सात जण गळले होते. त्यांच्या नावांसमोर कारणं नाहीत, फक्त तारीख आणि 'र.' हे अक्षर. कारण का नाही लिहिलं, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, वही स्टाफरूममध्ये उघडी पडलेली असायची. तुमच्यापैकी कोणीही खडू आणायला यायचं."

याच वहीत एक नाव आहे, ज्याच्यासमोर पहिला हप्ता भरलेला आहे आणि दुसऱ्याची जागा ३१ डिसेंबरपर्यंत कोरी. त्याचे वडील एमआयडीसीत होते, त्या हिवाळ्यात त्यांची कंपनी बंद पडली होती. हे आपल्यापैकी काहींना माहीत होतं, बहुतेकांना नव्हतं. नियमाप्रमाणे हप्ता नाही म्हणजे नाव नाही, आणि राखीव यादीत नऊ जण वाट पाहत होते. बाईंनी त्याच्या नावावर रेघ मारली नाही. मारायची घाईही नव्हती, कारण बदल मंगळवारीच होणार होता. एकदाच बदल करता येतो, या अडचणीच्या अटीने त्याला सहा दिवस मिळवून दिले, असं मला ही पानं वाचताना वाटलं. ५ जानेवारीला त्याच्यासमोर 'प्राप्त' लिहिलेलं आहे. पावती क्रमांक नाही. मीही विचारला नाही.

मंगळवारी बाई मुख्याध्यापकांचं पत्र, राखीव यादीतली पहिली सात नावं आणि सगळी मूळ तिकिटं घेऊन सीएसटीला गेल्या. जाण्याच्या आणि येण्याच्या तिकिटांसाठी वेगळे अर्ज. दुपारी दोन वाजता शाळेत परत. शेवटच्या तासाला शिपाईकाकांनी सात चिठ्ठ्या वर्गांतून वाटल्या. माझ्या चिठ्ठीवर एवढंच होतं : 'उद्या उरलेले पैसे आण. स्वेटर घे.' मी कोणाच्या जागी गेलो ते मला तेव्हा कळलं नव्हतं. परवा वहीत पाहिलं. तो मित्र आपल्या ग्रुपवर आहे, त्याला हे वाचून कळेल की पन्हाळ्यावरचा माझा तो गॉगलवाला फोटो खरं तर त्याच्या बर्थवर बसून गेलेल्या माणसाचा आहे.

बुधवारी सकाळी आठवं नाव गळलं. एका मुलीला ताप आणि अंगावर पुरळ, डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या. राखीव यादीतला आठवा मुलगा तयार होता, त्याची बॅग भरलेली होती. पण ४८ तास उलटून गेले होते आणि एकदाची संधीही वापरून झाली होती. त्याच्या वडिलांनी बाईंना गाठून सांगितलं की तिच्या नावावर जाऊ दे, कोण बघतंय. त्या काळी अशा तिकिटावर ओळखपत्र दाखवावं लागत नसे, त्यामुळे ते म्हणत होते ते अगदीच अशक्य नव्हतं. बाई नाही म्हणाल्या. तपासनीसाने पकडलं तर तो विनातिकीट धरला जाईल, हे एक कारण. दुसरं त्यांनी मला आत्ता सांगितलं. "रात्रीत गाडीला काही झालं असतं, तर चार्टवर त्या मुलीचं नाव होतं. तिच्या आईला फोन गेला असता. आणि त्याच्या आईला कोणी सांगायचं?" तो बर्थ रद्द केला, थोडे पैसे कापले गेले, बाकीचे त्या मुलीच्या घरी परत गेले. तो आठवा मुलगा राहिला तो राहिलाच. तोही या स्मरणिकेचा वाचक आहे.

आता एक प्रश्न आपण सगळ्यांनी तेव्हा विचारला होता. महालक्ष्मी कल्याणला थांबते, मग डोंबिवलीच्या मुलांना उलट सीएसटीला कशाला नेलं? संध्याकाळी सात-आठ वाजता डोंबिवलीहून कल्याणकडे जाणारी लोकल कशी असते, ते सांगायला नको. बॅगा घेतलेली शंभरावर मुलं त्या गर्दीत चढणार कशी? आणि समजा पोचली, तरी कल्याणला गाडी थांबणार थोडी मिनिटं, डब्याला फलाटाच्या बाजूचे दरवाजे दोन, एका दरवाजातून तीसेक मुलं. उलट पाच वाजता मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्या. डोंबिवलीहून सुटणाऱ्या धीम्या लोकलने तीन तुकड्या करून आपण बसून गेलो, आणि सीएसटीला गाडी फलाटावर लागलेली असताना निवांत चढलो. भाडं किंचित जास्त पडलं. मला विचाराल तर अख्ख्या सहलीतला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. येताना मात्र रविवार सकाळ, म्हणून कल्याणला उतरलो. त्यासाठी सरांनी कर्जतलाच सगळ्यांना उठवलं आणि बॅगा दरवाजांजवळ रचायला लावल्या. तेव्हा आपण किती कुरकुरलो होतो!

कोल्हापुरातल्या मुक्कामाबद्दल एकच गोष्ट सांगतो. आपण मंगल कार्यालयात राहिलो होतो आणि ते अख्खं आपल्याकडे होतं, आचाऱ्यासकट. जानेवारीत, लग्नसराईच्या हंगामात, हे स्वस्तात कसं मिळालं? तर त्या वर्षी २४ डिसेंबर ते २१ जानेवारी पौष होता. पौषात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत आणि कार्यालयं रिकामी असतात. बाईंनी सहलीची तारीख ठरवताना रेल्वेच्या वेळापत्रकाआधी कालनिर्णय उघडलं होतं.

एसटीचा हिशोब वेगळाच. तिथे माणशी तिकीट नसतं, अख्खी गाडी घ्यावी लागते. त्याला महामंडळाच्या भाषेत 'प्रासंगिक करार' म्हणतात, आणि शाळेच्या सहलीला त्यात निम्मी सवलत असते. पैसे किलोमीटरवर, आगारातून निघाल्यापासून आगारात परत येईपर्यंतचे. पण दिवसाचे काही किमान किलोमीटर ठरलेले असतात. तेवढी गाडी फिरली नाही तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात. पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, जोतिबा त्याच बाजूला. एवढंच दोन दिवसांत विभागलं असतं, तर न फिरलेल्या किलोमीटरांचे पैसे गेले असते. म्हणून पन्हाळा आणि जोतिबा दोन्ही शुक्रवारीच उरकलं आणि शनिवारी नृसिंहवाडी आणि तिथून पुढे खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर घातलं. खिद्रापूर इतक्या लांब कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. त्या मंदिराच्या स्वर्गमंडपात, छताच्या मधल्या गोल उघड्या भागातून आभाळ बघत आपण आडवे झालो होतो. ते दृश्य आपल्याला एसटीच्या किमान किलोमीटरच्या नियमाने दाखवलं.

गाड्यांच्या संख्येवर मात्र घोडं अडलं होतं. दोन गाड्यांत सगळे बसून गेले तर जेमतेम शंभर, आणि लांबच्या प्रवासात उभं राहायचं नाही. आपण ११२. म्हणजे बारा जणांसाठी तिसरी गाडी. वहीत त्या पानावर एक हिशोब आहे, बारा नावं कमी केली तर माणशी किती वाचतील याचा. तो आकडा काढून त्यावर काट मारलेली आहे, आणि खाली तीन गाड्या.

हे सगळं आत्ता लिहिण्याला एक निमित्त आहे. पुढच्या हिवाळ्यात आपल्या बॅचने सगळ्यांनी मिळून पुन्हा कोल्हापूरला जायचं, असं मेळाव्यात ठरलं आणि आरक्षणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण पुन्हा ६० दिवसांवर आलं आहे, त्यामुळे घाई दिवाळीच्या आधी करायला नको. चाळीस-पन्नास नावांची यादी आणि परवानगीचा अर्ज हे तसंच आहे. अख्खा डबा हवा असेल तर आयआरसीटीसीकडून तोही घेता येतो, पण डब्यामागे ५० हजार रुपये अनामत आणि निदान ३० दिवस आधी नोंदणी. आपल्या संख्येला तो परवडत नाही.

अडचण आहे ती नावं बदलण्याची. विद्यार्थ्यांची ती ४८ तासांची सवलत आता आपल्याला नाही, आपण शाळेच्या पटावरून उतरलो. सर्वसामान्य प्रवाशाला आपलं तिकीट फक्त आईवडील, भाऊबहीण, मुलगामुलगी, नवरा किंवा बायको यांच्याच नावे करता येतं, तेही २४ तास आधी अर्ज देऊन. वर्गमित्र त्या यादीत बसत नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला अजून सवलत आहे, पण आपल्यातलं कोणी त्यासाठी नव्याने बोहल्यावर चढेलसं दिसत नाही. तेव्हा नाव देताना घरी विचारूनच द्या. ऐनवेळी जमलं नाही तर तुमच्या जागी दुसरा मित्र येऊ शकणार नाही, तुमची बायको किंवा नवरा मात्र येऊ शकेल. ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव आणि वय मला कळवा. बाईंनाही विचारलं आहे. त्या येणार आहेत, आणि बाजूचा खालचा बर्थ त्यांनी आधीच मागून ठेवला आहे.